गृहपाठ, फोटो आणि पालकांची सही : शाळेस एक खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, शाळा समितीचे पदाधिकारी आणि पालक-शिक्षक संघाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आठवी ते दहावीच्या पालकांसाठी शाळेने ‘गृहपाठाकरिता फोटोद्वारे मिळणाऱ्या उत्तरांचा निकोप वापर’ या मथळ्याची एक पानाची सूचना नुकतीच घरोघरी पाठवली आहे. तिच्या तळाशी कापून परत द्यायची एक चिठ्ठी आहे. पाल्याने गृहपाठ कोणत्याही फोटोची मदत न घेता स्वतः सोडवला आहे याची दररोज खात्री करून मी वहीत सही करीन, आणि तसे न आढळल्यास अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कमी करण्यास माझी हरकत राहणार नाही, असे त्या चिठ्ठीवर पालकाने लिहून द्यायचे आहे. मथळा वापर कसा करावा हे सांगण्याचे आश्वासन देतो, पण खालचा मजकूर केवळ मनाई करतो आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम पालकांकडे सोपवतो. ही चिठ्ठी मी भरून देऊ शकत नाही. त्याची कारणे शाळेत येऊन एकटीने सांगण्याऐवजी जाहीरपणे लिहीत आहे, कारण अशाच सूचना आसपासच्या इतर शाळांमधूनही निघू लागल्या आहेत.

माझी मुलगी आपल्याच शाळेत दहावीत आहे आणि मुलगा आठवीत. लग्नापूर्वी मी गणित विषय घेऊन बी.एस्सी. केले होते, त्यामुळे वस्तीतली आणखी काही मुले संध्याकाळी आमच्या छपरीत गृहपाठाला येऊन बसतात. त्यासाठी मी पैसे घेत नाही. मात्र त्यामुळे मुले मोबाइल कसा वापरतात आणि त्यानंतर वहीत काय उमटते, हे दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर घडते. फोटोवरून उतरवण्याची सवय वाढली आहे, हे शाळेचे म्हणणे खरे आहे आणि शाळेची काळजीही रास्त आहे. माझा आक्षेप उपायावर आहे. फोटो पाहून शिकलेला मुलगा आणि फोटो पाहून केवळ उतरवणारा मुलगा यांच्यातला फरक या सूचनेला दिसत नाही, आणि तो फरक ओळखण्याचे काम तिने नेमके ज्यांना ते जमणार नाही अशांवर टाकले आहे.

एका गणितावरून हे सांगते. दहावीच्या वर्गसमीकरणांच्या प्रकरणात येतात त्या जातीचे हे शाब्दिक उदाहरण आहे. एका आयताकृती जागेची लांबी तिच्या रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा. रुंदी x मानली तर लांबी x + 5 होते आणि समीकरण तयार होते:

x² + 5x − 84 = 0

हे समीकरण अवयव पाडून सुटते, कारण १२ आणि ७ यांचा गुणाकार ८४ आणि वजाबाकी ५ आहे. (x + 12)(x − 7) = 0 यावरून x ची किंमत −12 किंवा 7 येते. रुंदी ऋण असू शकत नाही म्हणून −12 सोडून द्यायची, रुंदी ७ मीटर आणि लांबी १२ मीटर.

छपरीतल्या दोन मुलांनी एकाच संध्याकाळी हे गणित केले आणि दोघांनीही मोबाइल वापरला. त्यांच्यातल्या मुलीने शेजारणीने आधीच मांडून ठेवलेल्या समीकरणावर कॅमेरा धरला. अॅपने सूत्र पद्धतीने उत्तर दिले आणि तिने ते ओळ न ओळ वहीत उतरवले. विवेचक 361, त्याचे वर्गमूळ 19, पुढे x₁ = −12, x₂ = 7, आणि शेवटी वाक्य असे की ‘रुंदी −12 किंवा 7 मीटर’. अक्षर सुंदर, समास आखलेला, एकही खाडाखोड नाही. मुलाने मात्र आधी स्वतः समीकरण मांडले, ८४ चे १४ आणि ६ असे अवयव घेतले, फरक ८ आला म्हणून खोडले, २१ आणि ४ घेतले, तेही खोडले आणि तिथे तो अडला. मग त्याने फोटोतले उत्तर पाहिले, १२ आणि ७ या जोडीवर नजर पडताच मोबाइल पालथा घातला आणि बाकीचे स्वतः लिहून काढले. त्याचे पान पाहवत नव्हते.

त्यानंतर मी दोघांना तेच गणित दिले, फक्त क्षेत्रफळ ८४ ऐवजी १०४ केले. मुलाने २६ आणि ४ ही जोडी करून पाहिली, सोडली, १३ आणि ८ वर आला, आणि रुंदी ८ मीटर व लांबी १३ मीटर असे उत्तर देताना ऋण किंमत का टाकली हेही न विचारता सांगितले. मुलीने फोटोतली सूत्राची ओळ आठवून 25 − 416 असे लिहिले. तिथे वजाबाकी ऋण येते, तिचे वर्गमूळ निघेना, आणि ती थांबली. खरे तर b² − 4ac मध्ये c स्वतःच −104 असल्यामुळे दोन ऋण चिन्हे मिळून बेरीज होते, 25 + 416 म्हणजे 441 आणि त्याचे वर्गमूळ 21. आधीच्या गणितातला 361 हा आकडासुद्धा 25 आणि 336 यांच्या बेरजेतूनच आला होता. तो तिने वहीत लिहिला होता, पण तो कुठून आला हे एकदाही पाहिले नव्हते. मुलगी हुशार आहे. चिन्हांची गोष्ट दाखवल्यावर तिने पुढचे गणित माझ्या मदतीवाचून केले.

आता आपल्या सूचनेनुसार ही दोन पाने पालकांपुढे ठेवून पाहा. दोन्ही मुलांनी फोटो पाहिला आहे, म्हणजे नियमाने दोघेही दोषी. आणि पालकाला गणित येत नसेल तर तो सही करील ती नीटनेटक्या पानावर, शंका घेईल ती खोडलेल्या पानाची. ज्याच्या डोक्यात गणित उतरले त्याचे पान अस्ताव्यस्त आहे, आणि गृहपाठाची वही स्वच्छ नसेल तर आपल्याकडे शेरा मिळतो. स्वच्छतेच्या या आग्रहाने मुलांना उतरवण्याकडे किती ढकलले आहे, याचा विचार सूचना काढण्यापूर्वी व्हायला हवा होता. गृहपाठाच्या वहीतली खाडाखोड हा तर मुलाने स्वतः प्रयत्न केल्याचा घरबसल्या मिळणारा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

सोडवलेले उदाहरण पाहणे मुळात वाईट नाही, हे मी मनाने सांगत नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावरच केलेल्या प्रयोगांमध्ये असे दिसले होते की, विषय नव्याने शिकणाऱ्यांना निव्वळ गणितांचा ढीग सोडवायला लावण्यापेक्षा काही सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला देऊन लगेच तशीच सोडवायला दिली तर ती लवकर जमतात. वर्गात शिक्षक फळ्यावर आधी एक गणित सोडवून दाखवतात आणि मग दुसरे देतात, ते याच कारणाने. दुसरीकडे, अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गृहपाठाचे आणि परीक्षेचे गुण वर्षानुवर्षे ताडून पाहिले. गृहपाठात मिळवलेल्या गुणांपेक्षा परीक्षेत कमी गुण पडलेले विद्यार्थी २००८ मध्ये १४ टक्के होते, ते २०१७ मध्ये ५५ टक्के झाले, आणि उत्तर स्वतः न काढता बाहेरून उचलणे हे त्यामागचे कारण त्यांनी दाखवले. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की कळते ते इतकेच की, फोटो प्रयत्नाच्या आधी उघडला की नंतर, आणि पाहिल्यावर तो बंद करून पुन्हा लिहिले की नाही, यावर सारे अवलंबून आहे. आपल्या सूचनेत या क्रमाबद्दल एक अक्षर नाही.

आता माझ्या तक्रारी स्पष्टपणे मांडते.

पहिली तक्रार सहीबद्दल आहे. सध्या कापसाची वेचणी चालू आहे. आमच्या वस्तीतल्या बहुतेक बाया सकाळी वावरात जातात त्या दिवेलागणीला परततात, मग चूल पेटते. त्यांतल्या कित्येकींची शाळा चौथीतच सुटलेली आहे. मुलाने समोर धरलेल्या वहीतला विवेचक त्याने काढला की मोबाइलने, हे त्यांनी कसे ठरवावे? त्या सही करतील, कारण शाळेने मागितली आहे. काही ठिकाणी मुलेच आईची सही करतील. म्हणजे उतरवण्याची सवय मोडण्यासाठी काढलेल्या सूचनेतून घरोघरी रोज एक खोटे प्रमाणपत्र तयार होईल, आणि उद्या गुण कापायची वेळ आली तर तेच त्या आईपुढे ठेवले जाईल. ही संमती मागण्यापूर्वी पालकांची एक सभासुद्धा झालेली नाही.

पालकांना काहीच जमत नाही असेही नाही, आणि सूचनेने जे जमते ते मागितले असते तर मी आनंदाने सही केली असती. आठवीतल्या एका मुलाचे उदाहरण सांगते. त्याने चक्रवाढ व्याजाचे गणित वहीत हाताने लिहून घेतले होते, मुद्दल ५००० रुपये, दर द.सा.द.शे. १२, मुदत २ वर्षे. वहीचा फोटो काढल्यावर अॅपला त्याचा मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसला आणि दर ९२ धरला गेला. रास आली १८,४३२ रुपये. मुलाने ती मुकाट्याने उतरवली, कारण पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, सूत्रही पुस्तकातलेच होते. चूक पकडली ती त्याच्या आईने. ती बचत गटाचा हिशोब पाहते. पाच हजाराचे दोन वर्षांत अठरा हजार करणारी बँक कुठे आहे ते सांग, मी आजच पैसे ठेवते, असे ती त्याला म्हणाली. खरी रास ६,२७२ रुपये येते. या बाईला सूत्र माहीत नाही, पण उत्तर पटण्याजोगे आहे का हे तिच्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही. पैसा, जमीन, वजन, अंतर, वेळ या विषयांतल्या गणितांत आमच्याकडचे पालक, शिकलेले असोत वा नसोत, असा पहारा रोज देऊ शकतात. सूचनेने त्यांच्याकडे एवढेच मागावे.

दुसरी तक्रार शाळेच्या स्वतःच्या रीतीबद्दल आहे. गृहपाठ फळ्यावर लिहून देण्याची पद्धत काही वर्गांत बंदच झाली आहे. रात्री आठ-नऊच्या सुमारास वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर पुस्तकाच्या पानाचा किंवा शिक्षकांच्या वहीचा फोटो येतो आणि दुसऱ्या दिवशी तो गृहपाठ तपासला जातो. पुष्कळ घरांत एकच मोबाइल आहे. तो ज्याच्याजवळ असतो तो ओलिताची पाळी असेल तर रात्री वावरातच असतो, कारण शेतीपंपाची वीज त्याच वेळी मिळते. अशा घरातले मूल गृहपाठ मिळवायला शेजारी जाते आणि तिथून गृहपाठाबरोबर शेजाऱ्याच्या मुलाने सोडवलेल्या पानाचा फोटोही पाहून येते. एकीकडे मोबाइल दूर ठेवा म्हणायचे आणि दुसरीकडे मोबाइलवाचून गृहपाठच कळणार नाही अशी व्यवस्था ठेवायची, याचा मेळ पालकांनी कसा घालावा?

तिसरी तक्रार अशी की, सूचनेने सगळे फोटो एका माळेत ओवले आहेत. मुलांच्या हाती येणारी उत्तरे निरनिराळ्या ठिकाणांहून येतात आणि त्यांचे धोकेही निराळे आहेत. अॅपचे उत्तर छापील समीकरणापुरते बहुधा बरोबर असते, पण ते शाळेच्या पद्धतीने येईलच असे नसते. अवयव पद्धतीने सोडवा असे प्रश्नात म्हटलेले असताना सूत्र पद्धत उतरवली तर परीक्षेत पायऱ्यांचे गुण जातात, आणि शाब्दिक उदाहरणाचे समीकरण मांडणे व शेवटी ऋण किंमत नाकारणे या दोन गोष्टी, ज्यांसाठी ते उदाहरण दिलेले असते, नेमक्या तिथेच मूल कोरे राहते. वर्गमित्राच्या वहीचा फोटो याहून वाईट, कारण त्याची चूक एका रात्रीत पंधरा वह्यांत जाते. गाइडच्या पानावर मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. शिक्षकांनी स्वतः सोडवून पाठवलेला फोटो मात्र या सर्वांत उत्तम, कारण ती वर्गातलीच रीत असते. दुर्दैवाने आपल्याकडे तो गृहपाठाबरोबर त्याच रात्री येतो आणि दुसऱ्या दिवशी चाळीस वह्या एकसारख्या निघतात. त्या चाळीस वह्यांवर ‘पाहिले’ असा शेरा पडतो, हेही इथे नोंदवून ठेवते.

चौथी तक्रार गुण कापण्याविषयी. दहावीच्या गणिताला ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे. या २० गुणांना हात लावायचा तर त्यासाठी संशयापेक्षा ठोस काहीतरी हवे. x₁, x₂ अशी पुस्तकात नसलेली खूण, वर्गात न शिकवलेली पद्धत, किंवा मधेच बदललेली भाषा दिसली तर शिक्षकांनी जरूर विचारावे, पण ती विचारण्याची जागा आहे, शिक्षेची नव्हे. एखाद्याचा मोठा भाऊ पॉलिटेक्निकला असतो आणि त्याने घरी वेगळी रीत शिकवलेली असते. खात्री करण्याचा मार्ग अगदी सोपा आहे. तेच गणित, एक आकडा बदलून, मुलाला फळ्यावर द्यायचे. ज्याला समजले आहे तो चुकतमाकत का होईना पुढे जातो, ज्याने उतरवले आहे तो पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीशी थांबतो. एका मुलामागे चार-पाच मिनिटे लागतात. आकडा बदलताना गणित नीट सुटेल एवढे पाहावे लागते, नाहीतर ८४ ऐवजी ८५ दिले तर अवयवच पडत नाहीत आणि निष्पाप मूल अडकते. हे काम शिक्षकच करू शकतात, घरी आईच्या सहीने ते होणार नाही.

गृहपाठाच्या आकाराविषयी थोडक्यात. एका संध्याकाळी अख्खा सरावसंच दिला की प्रामाणिक मूलसुद्धा दहाव्या गणितानंतर फोटो शोधते. चार-पाच गणिते, पण प्रत्येकाची सगळी मांडणी, एवढे पुरेसे आहे.

या सर्वांवरून माझ्या मागण्या अशा आहेत. दररोजच्या सहीची आणि गुणकपातीच्या संमतीची चिठ्ठी शाळेने मागे घ्यावी, आणि ज्यांनी ती भरून दिली आहे त्यांच्यावरही ती बंधनकारक मानू नये. गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहून द्यावा, व्हॉट्सअॅप गट केवळ गैरहजर मुलांसाठी ठेवावा. शिक्षकांनी सोडवलेला फोटो वह्या गोळा झाल्यानंतरच पाठवावा. गृहपाठाच्या वहीतील खाडाखोडीबद्दल शेरा देणे बंद करावे. ज्या गणितात मुलाने फोटो पाहिला त्याच्या समासात त्याने ‘फ’ असे लिहावे आणि त्यासाठी एकही गुण जाऊ नये, मात्र दुसऱ्या दिवशी ‘फ’ असलेल्या गणितांपैकी एक-दोन आकडे बदलून फळ्यावर घ्यावीत. मुलांना शिक्षेची भीती नसली तर ती हे खरे लिहितात, असा छपरीतला माझा अनुभव आहे, आणि कोणते गणित वर्गाला अवघड गेले हे शिक्षकांना त्या समासावरून आपोआप कळते. चाळीस मुलांच्या वर्गात हे रोज सर्वांचे होणार नाही, हे मला मान्य आहे. आठवड्यात प्रत्येकाचा एकदा क्रमांक लागला तरी चालेल.

सूचना नव्याने काढायची असेल तर तिचा मजकूर मी सुचवते. शाळेने तो हवा तसा दुरुस्त करावा.

‘पालकांनो, गणिताला हात घातल्यावर निदान दहा मिनिटे मोबाइल मुलाच्या हाती देऊ नका. मूल अडले तर कोणत्या ओळीशी अडले ते त्याला बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि मग फोटो पाहू द्या. पाहून झाले की मोबाइल तुमच्याजवळ घ्या आणि त्याला ते गणित न पाहता पुन्हा लिहू द्या. तुम्हाला गणित येत नसेल तरी दोन गोष्टी विचारा. हे तू कसे केलेस ते मला तोंडी सांग, आणि हे उत्तर खरे वाटते का. मूल सांगू शकले नाही तर रागावू नका, समासात ‘फ’ लिहायला सांगा. पुढचे शाळा पाहील. घरी मोबाइल नसेल तर काही बिघडत नाही, अडलेल्या ओळीपर्यंतचे गणितसुद्धा पूर्ण गृहपाठ मानले जाईल.’

यातले शेवटचे वाक्य शाळेने गाळू नये, अशी विशेष विनंती आहे. ज्या घरात मोबाइल नाही किंवा रात्री नसतो, त्या मुलाची अर्धी राहिलेली वही आज ‘अपूर्ण’ ठरते आणि शेजारच्या घरातली उतरवलेली वही ‘पूर्ण’. हा मजकूर केवळ छापून न पाठवता पालकसभेत वाचून दाखवावा, आणि सभा वेचणीचे दिवस पाहून सायंकाळी ठेवावी, म्हणजे ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना येता येईल. कोलामी आणि बंजारा बोलणाऱ्या घरांसाठी त्या त्या पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडून तो त्यांच्या बोलीत सांगितला जावा.

माझ्या दोन्ही मुलांच्या चिठ्ठ्या सही न करता या पत्रासोबत परत करीत आहे. हा विषय पालक-शिक्षक संघाच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि तोपर्यंत कोणत्याही मुलाचे अंतर्गत गुण या कारणावरून कमी करू नयेत, अशी मागणी आहे. आकडे बदललेली गणिते तयार करण्याच्या कामात शिक्षकांना मदत हवी असल्यास आठवीच्या आणि दहावीच्या बीजगणितातील प्रत्येक सरावसंचासाठी अशी गणिते उत्तरांसह लिहून देण्याची माझी तयारी आहे. वर्गसमीकरणे आणि चक्रवाढ व्याज या दोन प्रकरणांची यादी तयार आहे, ती मुलीबरोबर कार्यालयात पाठवीत आहे.

आपली,
दहावी व आठवीतील विद्यार्थ्यांची एक पालक
जिल्हा यवतमाळ